५.१२ युनिटच्या बॅटरीतून ३.४ युनिटच का मिळतात? सी-रेट आणि राउंड-ट्रिप एफिशियन्सीचा हिशोब

खटपट्या
घरच्या बॅटरीचा हिशोब जुळत नाहीये. जाणकारांनी बघा जरा.

बॅटरी लिथियमची, एलएफपी, ५१.२ व्होल्ट, १०० एएच, म्हणजे कागदावर ५.१२ युनिट. ५ केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर. बॅटरी १० टक्क्यांवर आली की बंद, अशी सेटिंग आहे. डेटाशीटवर एफिशियन्सी ९५ टक्के लिहिलीय.

चाचणी अशी घेतली: बॅटरी पूर्ण चार्ज, बाहेरची वीज बंद, सोलर बंद, आउटपुटला वेगळा एनर्जी मीटर. लोड मुद्दाम कमी ठेवला, सरासरी १५० वॅट, कारण सी-रेट, म्हणजे क्षमतेच्या मानाने करंट, जितका कमी तितकी बॅटरी जास्त देते असं सगळीकडे वाचलंय. साडेबावीस तास चालली आणि मीटरवर ३.४ युनिट आले. ५.१२ चे ९५ टक्के म्हणजे ४.८६ व्हायला हवेत. जवळजवळ दीड युनिट गेलं कुठे? बॅटरी खराब आली म्हणायची का?

हिशोबी
९५ टक्के हा फक्त बॅटरीचा आकडा आहे. इन्व्हर्टर धरून पूर्ण सिस्टिमची राउंड-ट्रिप ८५ च्या आसपास येते. म्हणून ५.१२ गुणिले ०.८५ = ४.३५. त्यातून खालचे १० टक्के वजा केले की ३.८ च्या जवळ येता. उरलेला फरक मीटरचा असेल. बॅटरी ठीक आहे.

बिनधास्त
५ केव्हीए कमी पडतोय. १० केव्हीएचा घ्या, इन्व्हर्टरवर ताण नाही आला की लॉस आपोआप कमी होतो.

खटपट्या
@बिनधास्त, लोड १५० वॅट आहे हो. ५ केव्हीएवर कसला ताण?

विद्युत्लता
बॅटरी खराब नाही. तुमचे ३.४ जवळपास बरोबर आलेत आणि चाचणीसाठी बाहेरची वीज तोडलीत हे फार चांगलं केलंत. बरेच जण ती चालू ठेवतात, मग इन्व्हर्टर मधेच लोड बायपासवर टाकतो आणि आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

आधी हिशोबींच्या गणिताबद्दल. राउंड-ट्रिप म्हणजे आत घातलेल्या विजेतली किती बाहेर आली. त्यात निम्मं नुकसान चार्जिंगच्या वेळचं असतं. बॅटरी १०० टक्के भरली तेव्हा ते नुकसान होऊन गेलेलं असतं, त्याचे पैसे आधीच भरलेत. भरलेल्या बॅटरीतून किती मिळेल हे काढताना फक्त डिस्चार्जच्या बाजूचं नुकसान धरायचं. पूर्ण राउंड-ट्रिप क्षमतेला गुणली तर चार्जिंगचा तोटा विनाकारण दुसऱ्यांदा वजा होतो. खटपट्यांच्या ९५ टक्क्यांचंही तेच.

आता दीड युनिट कुठे गेलं ते. १०० एएचमधले ९० वापरायचे. एलएफपीचा आतला सरासरी व्होल्टेज, म्हणजे लोड नसतानाचा, ५२ च्या आसपास धरा. हाताशी असलेली ऊर्जा ४.६८ युनिट. खालचे १० टक्के तुम्हीच राखून ठेवलेत, ते नुकसान नव्हे.

४.६८ आणि ३.४ मधला फरक बॅटरीने खाल्लेला नाही. ५ केव्हीएचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी ५० वॅटच्या आसपास घेतो, काही मॉडेल ४०, काही ७०. शिवाय जो लोड देतो त्यावर साधारण ४ टक्के. १५० वॅट बाहेर द्यायला बॅटरीतून २०६ वॅट निघतात. ४६८० भागिले २०६ = २२.७ तास, आणि तेवढे तास गुणिले १५० वॅट = ३.४ युनिट. तुमचा मीटर नेमकं हेच सांगतोय.

बॅटरीच्या आतलं नुकसान किती? करंट फक्त ४ अँपिअर, म्हणजे ०.०४ सी. सेल, बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, फ्यूज, केबल धरून एकूण रेझिस्टन्स ३० मिलीओहम घेतला तर अर्धा वॅट. सी-रेट कमी ठेवून तुम्ही हा अर्धा वॅट वाचवलात आणि ५० वॅटचा खर्च साडेबावीस तास चालू ठेवलात. ११०० वॅट-तासांपेक्षा जास्त तिथेच गेले.

खटपट्या
म्हणजे उलटंच झालं की! मग जास्त लोडवर जास्त युनिट मिळतील?

विद्युत्लता
एका मर्यादेपर्यंत, हो. त्याच बॅटरीवर त्याच इन्व्हर्टरने काय होईल ते बघा.

१ किलोवॅटचा लोड: इन्व्हर्टरला ११०० वॅटच्या आसपास लागतात, करंट २१ अँपिअर, म्हणजे ०.२ सी. बॅटरीतलं नुकसान १४ वॅट. साधारण ४.२ तास चालेल आणि ४.२ युनिट मिळतील.

४ किलोवॅटचा लोड: इतक्या लोडवर इन्व्हर्टरचा ४ टक्क्यांचा तोटा ७ च्या आसपास धरा, म्हणजे त्याला ४३४० वॅट, करंट ८८ अँपिअर, जवळपास ०.९ सी. इथे बॅटरी बाजूचं नुकसान २३० वॅटवर जातं, कारण ते करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतं. करंट चौपट झाला तर उष्णता सोळापट. तरी तास सव्वातासापेक्षा कमी चालून ४.१ युनिट निघतात.

म्हणजे १५० वॅटवर ३.४, १००० वर ४.२ आणि ४००० वर ४.१. सी-रेटने खाल्लेला फरक ०.१ युनिटचा आणि इन्व्हर्टरच्या रिकाम्या खर्चाने खाल्लेला ०.८ चा. एलएफपीवर घरगुती लोड असेल तर साधारण असंच चित्र दिसतं. आणि बिनधास्त, १० केव्हीएचा इन्व्हर्टर रिकामा बसून ५० नाही, ८०-१०० वॅट घेईल. १५० वॅटच्या लोडवर ते ३.४ सुद्धा मिळणार नाहीत.

जुनीवायर
सी-रेटचा फरक किरकोळ आहे हे मला पटत नाही. माझ्याकडे १२ व्होल्टच्या १५० एएचच्या दोन ट्युब्युलर सिरीजमध्ये आहेत, २४ व्होल्टची सिस्टिम. ८०० वॅट लोड टाकला की कागदावरच्या निम्म्यानेही चालत नाहीत. २०० वॅटवर मात्र व्यवस्थित चालतात. करंट वाढला की एएच कमी मिळतात, हा प्यूकर्टचा नियम सगळ्या बॅटऱ्यांना लागू आहे.

विद्युत्लता
जुनीवायर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो लेड-ॲसिडचा. तुमच्या बॅटरीवर १५० एएच लिहिलंय ते बहुधा सी-२० चं, म्हणजे साडेसात अँपिअरने २० तास. ८०० वॅटला २४ व्होल्टवर ३८ अँपिअर जातात. प्यूकर्टचा घातांक १.२५ धरला तर १५० चे १०० एएच उरतात. त्यात आयुष्य टिकावं म्हणून तुम्ही तळापर्यंत नेत नसाल, मग निम्मं वाटणारच.

प्यूकर्टने १८९७ साली हा नियम लेड-ॲसिडवरच मांडला. तिथे ॲसिड प्लेटच्या छिद्रांत शिरायला वेळ घेतं, जास्त करंट ओढला की प्लेटच्या आतलं ॲसिड आधी पातळ होतं आणि व्होल्टेज कोसळतो. एलएफपीमध्ये घातांक १.०५ च्या आतच असतो. तिथे एएच जवळजवळ तेवढेच निघतात, फक्त व्होल्टेज थोडा खाली येतो.

आणखी एक. लेड-ॲसिडमध्येसुद्धा ते ५० एएच जळून जात नाहीत. लोड काढून तासभर थांबा आणि २०० वॅटवर परत चालवा, बरेचसे निघतील. उष्णता म्हणून गेलेली ऊर्जा परत येत नाही, आत अडकलेली येते. सी-रेटच्या चर्चेत या दोन्हींची सतत गल्लत होते.

जुनीवायर
लोड काढला की व्होल्टेज वर चढतो हे बघितलंय. मी ते मीटरचं खोटं दाखवणं समजत होतो. पण मग सी-रेट बघायचाच नाही असं म्हणणं आहे का?

तळटीप
बघायचा, पण कुठे ते सांगतो. विद्युत्लतांच्या ४ किलोवॅटच्या ४.१ युनिटमागे एक गृहीतक आहे: बॅटरी खरोखर १० टक्क्यांवरच बंद होते. बीएमएस आणि इन्व्हर्टर यांच्यात कॅन किंवा आरएस-४८५ ची केबल जोडलेली असेल, तर इन्व्हर्टर एसओसी, म्हणजे किती टक्के चार्ज उरलाय ते, बघून थांबतो आणि मग हे खरं. केबल नसेल तर तो फक्त व्होल्टेज बघतो. एलएफपीचा खरा घात तिथे होतो.

समजा कोणी सावधगिरी म्हणून ५० व्होल्टला बंद अशी सेटिंग केली. १५० वॅटवर केबल-सेलमधला व्होल्टेज ड्रॉप ०.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी खरोखर तळाजवळ गेल्यावरच ५० दिसेल. १ किलोवॅटवर ड्रॉप ०.६, तरी चालतं. पण ४ किलोवॅटवर ८८ अँपिअर गुणिले ३० मिलीओहम, म्हणजे २.६ व्होल्ट ड्रॉप. इन्व्हर्टरला ५० दिसतील तेव्हा आतला व्होल्टेज ५२.६, म्हणजे प्रति सेल ३.२९. एलएफपीचा आलेख मधल्या भागात इतका सपाट असतो की ३.२९ ला बॅटरीत चाळीस ते पन्नास टक्के शिल्लक असू शकते. निम्मी भरलेली बॅटरी 'संपली' म्हणून बंद पडते.

ओळखायचं कसं: मोठा लोड चालू असताना इन्व्हर्टर बंद पडला किंवा बाहेरच्या विजेवर गेला, की लगेच बॅटरीचा व्होल्टेज बघा. दोन-तीन मिनिटांत तो ५२ च्या वर चढला तर बॅटरी रिकामी नव्हती. उपाय म्हणजे कम्युनिकेशन केबल जोडून एसओसीवर थांबवणं. ते शक्य नसेल तर बंद होण्याचा व्होल्टेज ४७-४८ वर आणा. त्याच्या खाली बीएमएसचं स्वतःचं संरक्षण आहेच, पण रोज त्याच्यावर विसंबून राहू नये.

खटपट्या
केबल जोडलेली आहे, एसओसी इन्व्हर्टरवर दिसते. पण ती कधीकधी ३० वरून एकदम ८ वर उडी मारते. हे काय प्रकरण?

विद्युत्लता
बऱ्याच बीएमएसमध्ये करंट मोजणारा भाग छोटे करंट नीट धरत नाही. इन्व्हर्टरचा रिकामा खर्च ५० वॅट म्हणजे साधारण १ अँपिअर, आणि तो बीएमएसच्या ॲपमध्ये शून्य दिसू शकतो. तासन्तास १ अँपिअर जातोय आणि मोजणी थांबलेली. सपाट आलेखामुळे मधे व्होल्टेजवरून दुरुस्तीही करता येत नाही. तळाशी व्होल्टेज घसरायला लागला की बीएमएसला उमजतं आणि आकडा उडी मारतो. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज होऊ द्या, करंट आपोआप ५ अँपिअरच्या खाली येईपर्यंत. तिथे मोजणी परत १०० वर बसते.

रिकामा खर्च स्वतः मोजायचा असेल तर आउटपुटचे सगळे ब्रेकर बंद करा, इन्व्हर्टर चालू ठेवा, आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या एकाच केबलभोवती लावा. लावण्याआधी त्याचं झिरो बटण दाबा, नाहीतर १ अँपिअरची चूक तिथेच होईल. आलेला करंट गुणिले बॅटरीचा व्होल्टेज. सगळ्यात आधी हा एक आकडा मिळवा, बाकीचा हिशोब त्यावर उभा आहे.

हिशोबी
चार्जिंगचा तोटा दोनदा धरला जातो हे मान्य. पण वीजबिलाच्या दृष्टीने राउंड-ट्रिपच महत्त्वाची ना? ती मोजायची पद्धत सांगाल का? प्रत्येक कंपनी वेगळा आकडा छापते.

तळटीप
छापील आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. टेस्लाच्या पॉवरवॉल २ चं उदाहरण घ्या. १३.५ युनिट, राउंड-ट्रिप ९० टक्के, एसी ते एसी. पण खाली लिहिलंय: २५ अंश सेल्सिअस, ३.३ किलोवॅटवर, नव्या बॅटरीसाठी. ३.३ भागिले १३.५ म्हणजे पाव सी. म्हणजे इन्व्हर्टर सोयीच्या लोडवर आणि बॅटरीही सोयीच्या करंटवर असताना घेतलेलं माप. त्यात चूक काही नाही, पण रात्रभर १५० वॅटला तो आकडा लावू नये. खटपट्यांच्या डेटाशीटवरचे ९५ टक्के तर बहुधा नुसत्या बॅटरीचे, डीसी ते डीसी, तेही ०.२ सीच्या जवळपासचे असणार. दोन आकडे शेजारी ठेवायचे तर एसी की डीसी, किती पॉवर आणि किती तापमान, हे तिन्ही जुळले पाहिजेत.

विद्युत्लता
मोजायचं असं: इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे स्वतंत्र एनर्जी मीटर लावा. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे युनिट अंदाजे असतात, त्यांच्यावर जाऊ नका. बॅटरी पूर्ण भरा, चार्जिंग करंट ५ अँपिअरखाली आल्यावर अर्धा तास थांबा. मग इनपुटचा ब्रेकर बंद करून १ किलोवॅटचा हीटर लावा. हीटरच घ्या, त्याचा लोड स्थिर असतो. बंद होईपर्यंत चालवा, आउटपुटचे युनिट लिहा. नंतर आउटपुट पूर्ण बंद, सोलर बंद, इनपुट चालू, आणि करंट पुन्हा त्याच ५ अँपिअरखाली येईपर्यंत चार्ज. इनपुटचे युनिट लिहा. सुरुवात आणि शेवट एकाच जागी झाले तरच भागाकाराला अर्थ. पडद्यावर १०० दिसले म्हणून थांबलात तर दोन-चार टक्क्यांची चूक सहज होते.

४८ व्होल्टच्या साध्या हायब्रिडवर १ किलोवॅटला ८० ते ८५ टक्के आले तर सगळं नीट आहे. ७५ च्या खाली आले तर जोड तपासा.

आणि चार्जिंगलाही तोच नियम: ५ अँपिअरने रडत-रखडत चार्ज केलं तर वीस तास इन्व्हर्टरचा रिकामा खर्च पडतो. १०० एएचला २५ ते ५० अँपिअर ठीक, म्हणजे पाव ते अर्धा सी. थंडीत शून्य अंशाखाली मात्र एलएफपी चार्ज करायची नाही, आणि शून्याच्या जरा वर असली तरी आतला रेझिस्टन्स २५ अंशाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त झालेला असतो. तेव्हा करंट कमीच ठेवा.

जुनीवायर
जोड कसे तपासायचे ते मी सांगतो, हे माझ्या परिचयाचं आहे. ३-४ किलोवॅट लोड चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर. एक टोक लगच्या तांब्यावर, दुसरं बॅटरीच्या टर्मिनलवर. घट्ट जोडावर १०-२० मिलीव्होल्ट दिसतात. १०० च्या वर गेला तर उघडून, घासून, परत आवळा. ५ मिलीओहमचा एक सैल जोड ८८ अँपिअरवर एकाच ठिकाणी ३९ वॅट उष्णता काढतो. युनिट किती वाया गेले हे राहू द्या, तो लग वितळतो. आणि उघडण्याआधी बॅटरीचा ब्रेकर बंद, स्पॅनरच्या दांड्याला टेप.

बिनधास्त
बरं, मोठ्या इन्व्हर्टरचा सल्ला मागे. पण आणखी एक बॅटरी पॅरलल लावली तर?

विद्युत्लता
ती वेगळी गोष्ट. करंट वाटला जातो, प्रत्येकीचा सी-रेट निम्मा, आणि ४ किलोवॅटवरचं २३० वॅटचं नुकसान निम्म्याच्या जवळ येतं. तळटीपांनी सांगितलेला व्होल्टेज ड्रॉपही निम्मा. मोठे लोड असणाऱ्यांना उपयोग आहे. खटपट्यांचे ५० वॅट मात्र तसेच राहतील.

खटपट्या
मग माझ्यासारख्याने करायचं काय? रात्री लोड १५० च्या वर जातच नाही.

विद्युत्लता
बाहेरची वीज रात्री टिकत असेल तर बॅटरी संध्याकाळच्या मोठ्या लोडला वापरा आणि लोड २०० वॅटखाली गेला की बायपासवर जा. `SBU` मोडमध्ये, म्हणजे सोलर आणि बॅटरी आधी, असाल तर रात्रीपुरतं `UTI`, म्हणजे बाहेरची वीज आधी, करून बघा. ते ०.८ युनिट तिथून परत मिळतील. बायपासमध्येही इन्व्हर्टर काहीतरी खातो, पण कमी, आणि बॅटरीतून नाही.

तळटीप
मला हे पूर्ण पटत नाही. रात्रीची वीज बेभरवशाची असेल तर बॅटरी संध्याकाळी रिकामी करून ठेवणं म्हणजे नेमकं हवी तेव्हा नाही. मी म्हणेन ५० वॅट सोसा, किंवा इन्व्हर्टरचा पॉवर-सेव्हिंग मोड लावा. त्यात रिकामा खर्च १०-१५ वॅटवर येतो. अडचण अशी की राउटर आणि एखादा एलईडी दिवा इतका छोटा लोड त्याला 'जाणवत' नाही, आणि आउटपुट चालू-बंद होत राहतं. राउटर बॅटरीवरून थेट डीसी-डीसी कन्व्हर्टरने चालवता येतो, फक्त बॅटरीपाशीच छोटा फ्यूज हवा, आणि कन्व्हर्टर ६० व्होल्ट इनपुट सहज सोसणारा हवा, कारण चार्जिंगला बॅटरी ५७-५८ वर जाते.

विद्युत्लता
बेभरवशाच्या विजेबद्दल मान्य. तिथे निम्मी बॅटरी राखून निम्मी संध्याकाळी वापरायची. नेमकी सीमा कुठे ठेवायची ते ज्याच्या-त्याच्या वीज जाण्याच्या वेळांवर.

तळटीप
जाता जाता तुमच्या २३० वॅटबद्दल एक शंका. सिंगल फेज इन्व्हर्टर बॅटरीतून सरळ डीसी ओढत नाही, ५० हर्ट्झच्या आउटपुटला १०० हर्ट्झचा रिपल असतो. काहीच फिल्टर नसेल तर आरएमएस करंट सरासरीच्या १.२२ पट, म्हणजे उष्णता दीडपट. मग २३० चे ३४५ होतात. तुम्ही सरासरी करंट धरलाय.

विद्युत्लता
बरोबर, सरासरीच धरलाय. हाय-फ्रीक्वेन्सी इन्व्हर्टरमध्ये आतल्या ४०० व्होल्टच्या बसवरचे कपॅसिटर रिपलचा बराच भाग पचवतात, ट्रान्सफॉर्मरवाल्यात तो बॅटरीपर्यंत जास्त पोचतो. पण 'बराच भाग' म्हणजे किती, ते मॉडेलवर आहे. खटपट्या, तुमच्याकडे ट्रू-आरएमएस डीसी क्लॅम्प असेल तर ४ किलोवॅटवर डीसी आणि एसी-प्लस-डीसी अशी दोन्ही रीडिंग घेऊन इथे टाका.

खटपट्या
माझा क्लॅम्प साधा डीसीचा आहे. तेवढ्यात रिकामा खर्च मोजला: झिरो करून १.१ अँपिअर, बॅटरी ५३.१ व्होल्ट, म्हणजे ५८ वॅट. ॲपमध्ये करंट ०.० च दाखवतंय.